पुण्याची विसर्जन मिरवणूक: बंद रस्ते, वळवलेली वाहतूक आणि पर्यायी मार्ग – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही नारायण पेठेत राहतो. अनंत चतुर्दशीच्या आठवडाभर आधीपासून नातेवाईक, ऑफिसातले सहकारी आणि सोसायटीतले शेजारी हेच प्रश्न विचारतात: कुठला रस्ता बंद, कधीपासून बंद, आणि मग जायचं कुठून? गेली काही वर्षं ही उत्तरं मी एका वहीत लिहून ठेवत आलो. तीच इथे मांडली आहेत. बंद रस्त्यांची रचना वर्षानुवर्षं जवळपास तीच असते, पण नेमक्या वेळा आणि एखाददुसरा चौक बदलतो. म्हणून रचना इथून समजून घ्या आणि वेळा त्या वर्षीच्या वाहतूक शाखेच्या आदेशातून पाहा.

मिरवणूक नेमकी कुठून कुठे जाते?

सकाळी मंडईत लोकमान्य टिळकांच्या पुतळ्यापाशी सुरुवात होते. मानाचे पाच गणपती आधी निघतात: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा. बेलबाग चौकातून मिरवणूक लक्ष्मी रस्त्याला लागते आणि अलका टॉकीजच्या चौकात, म्हणजे टिळक चौकात, येते. हे अंतर जेमतेम सव्वा-दीड किलोमीटरचं. सगळी मंडळं मात्र लक्ष्मी रस्त्याने जात नाहीत. टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता आणि केळकर रस्ता या तिन्हीवरूनही मंडळं येतात आणि हे चारही रस्ते टिळक चौकातच मिळतात. तिथून पुढे नदीकडचे घाट आणि हौद, आणि लकडी पूल ओलांडला की डेक्कन.

नकाशावर हे एकदा बोटाने गिरवून पाहा. चार ओढे एका कुंडात येतात आणि ते कुंड नदीच्या काठावर आहे. त्यामुळे मध्य पुण्यातून पूर्व-पश्चिम जायचे सगळे सरळ रस्ते एकाच वेळी बंद पडतात. एक बंद असेल तर शेजारचा धरू, हा रोजचा हिशोब त्या दिवशी लागू होत नाही, कारण शेजारचा रस्ताही मिरवणुकीचाच असतो.

रस्ते किती वाजता बंद होतात?

एकदम सगळे बंद होत नाहीत, टप्प्याटप्प्याने होतात. हा क्रम लक्षात राहिला तर अर्धं काम झालं.

पहिला टप्पा सकाळचा. अलीकडच्या वर्षांत लक्ष्मी रस्ता आणि शिवाजी रस्ता सकाळी 7 च्या सुमारास बंद झाले आहेत. लक्ष्मी रस्ता संत कबीर चौकीपासून अलका टॉकीजपर्यंत आणि शिवाजी रस्ता गाडगीळ पुतळ्यापासून स्वारगेटच्या जेधे चौकापर्यंत. टिळक रस्ता, गणेश रस्ता आणि केळकर रस्ता 9 ते 10 च्या दरम्यान त्यांच्यामागोमाग जातात.

दुसरा टप्पा दुपारी 12 चा. त्यात बाजीराव रस्ता, कुमठेकर रस्ता आणि शास्त्री रस्ता येतात. शास्त्री रस्ता सेनादत्त पोलीस चौकीपासून अलका टॉकीजकडे बंद होतो. दांडेकर पुलाकडून येणारी बरीच मंडळी इथे फसतात, कारण सकाळी त्यांनी तोच रस्ता मोकळा पाहिलेला असतो.

तिसरा टप्पा दुपारी 4 चा, आणि सर्वांत जास्त गोंधळ याच टप्प्यात होतो. मानाचे गणपती टिळक चौकात पोचून विसर्जनाला जायची वेळ साधारण हीच असते, आणि त्यानंतर लकडी पुलापलीकडे डेक्कनला गर्दीचा लोंढा येतो. म्हणून कर्वे रस्ता नळ स्टॉपपासून खंडोजीबाबा चौकापर्यंत आणि जंगली महाराज रस्ता झाशीची राणी चौकापासून खंडोजीबाबा चौकापर्यंत बंद होतो. त्याच वेळी फर्ग्युसन रस्ता, भांडारकर रस्ता आणि प्रभात रस्ता यांचे डेक्कनजवळचे भागही बंद होतात. दक्षिणेला सातारा रस्ता व्होल्गा चौकापासून जेधे चौकापर्यंत आणि पूर्वेला सोलापूर रस्ता सेव्हन लव्हज चौकापासून जेधे चौकापर्यंत बंद होतो.

सकाळी 11 ला कोथरूडहून डेक्कनमार्गे गाडीने आलेला माणूस संध्याकाळी 5 ला त्याच वाटेने परत जाऊ शकत नाही, ते या टप्प्यामुळे. जाताना लागलेली वाट येताना लागेल असं धरून चालू नका.

रस्ते पुन्हा उघडतात कधी?

आदेशात सुरू होण्याची वेळ घड्याळात लिहिलेली असते, संपण्याची नसते. तिथे "मिरवणूक संपेपर्यंत" असे शब्द असतात. मोघमपणा म्हणून ते लिहिलेले नाहीत. शेवटचं मंडळ टिळक चौकातून केव्हा जाईल हे खरोखरच कोणाला आधी सांगता येत नाही. पथकं किती, दोन मंडळांत अंतर किती पडलं, पाऊस आला का, रात्री ध्वनिवर्धक थांबल्यावर मंडळं पुढे सरकली की जागेवरच थांबली, या सगळ्यावर ते ठरतं.

2025 ची मिरवणूक 32 तासांहून जास्त चालली. सकाळी साडेनऊच्या सुमाराला सुरू झालेली मिरवणूक 32 तासांनी संपते म्हणजे दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ होते. 2022 मध्येही ती 31 तासांच्या आसपास गेली होती.

म्हणून माझं सांगणं असं, की चतुर्दशीच्या दिवसाइतकीच काळजी दुसऱ्या दिवसाची करा. चतुर्दशीला बहुतेक लोक घरी असतात किंवा मिरवणूक बघायला येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ऑफिसं सुरू असतात, आणि माणूस "विसर्जन तर काल झालं" म्हणून नेहमीच्या वेळी नेहमीच्या रस्त्याने निघतो. टिळक रस्त्यावर तेव्हा मंडळांची रांग उभी असते. रस्ता उघडला आहे याची खूण एकच: वळवण्याच्या चौकातले बॅरिकेड बाजूला झालेले दिसले पाहिजेत. मिरवणूक पुढे सरकून रस्ता रिकामा दिसू लागला, तरी झाडलोट, तुटलेल्या मांडवांचे वासे आणि मागे राहिलेले ट्रॅक्टर निघेपर्यंत पोलीस गाड्या सोडत नाहीत. आणि ते बरोबरच आहे, कारण रात्रभर जागलेले कार्यकर्ते त्याच रस्त्यावरून पायी घरी परतत असतात.

गाड्या कुठे वळवतात? शेवटपर्यंत जाऊन पाहिलं तर?

आदेशात वळवण्याची ठिकाणं वेगळी दिलेली असतात, आणि खरं तर बंद रस्त्यांच्या यादीपेक्षा ती जास्त उपयोगी असतात. जंगली महाराज रस्त्यावर झाशीची राणी चौक, कर्वे रस्त्यावर नळ स्टॉप, शास्त्री रस्त्यावर सेनादत्त चौकी, बाजीराव रस्त्यावर सावरकर पुतळा, सातारा रस्त्यावर व्होल्गा चौक, सोलापूर रस्त्यावर सेव्हन लव्हज, लक्ष्मी रस्त्यावर संत कबीर चौकी आणि शिवाजी रस्त्यावर गाडगीळ पुतळा. ही मध्य पुण्याची दारं समजा. त्या दिवशी या दारांच्या आत गाडी जात नाही.

दारापर्यंत जाऊन मग वळू, हा विचार करू नका. तिथे पोचलेल्या प्रत्येक गाडीला पोलीस एकाच बाजूला वळवतात, त्यामुळे सर्वांत मोठी रांग दारातच लागते. नळ स्टॉपला लॉ कॉलेज रस्त्याकडे वळायचंच असेल, तर ते ठरवून डावीकडच्या रांगेत आधीच या. आयत्या वेळी मधल्या रांगेतून डावीकडे घुसणाऱ्या चार गाड्यांनी पूर्ण चौक अडतो, हे मी दरवर्षी बघतो.

मग शहर ओलांडायचं कसं?

गोल फिरून. वाहतूक शाखा दरवर्षी एक वर्तुळाकार मार्ग जाहीर करते. वर्तमानपत्रात तो चौकांच्या नावांची लांबलचक साखळी म्हणून छापून येतो आणि वाचताना डोळे फिरतात. चार बाजूंत तोडला की सोपा होतो.

पश्चिमेची बाजू: नळ स्टॉपवरून लॉ कॉलेज रस्ता आणि पुढे सेनापती बापट रस्ता, थेट गणेशखिंड रस्त्याला मिळेपर्यंत. उत्तरेची बाजू: गणेशखिंड रस्त्याने वेधशाळा चौक, संचेती चौक, इंजिनिअरिंग कॉलेज चौक आणि शाहीर अमर शेख चौकावरून मालधक्का चौक. पूर्वेची बाजू: मालधक्क्यापासून नरपतगिरी चौक आणि नेहरू रस्त्याने संत कबीर चौकीवरून सेव्हन लव्हज. दक्षिणेची बाजू: सेव्हन लव्हजहून वखार महामंडळ चौक, गुलटेकडी, मार्केट यार्ड, मग सातारा रस्ता थोडासा, मित्रमंडळ चौक, सावरकर चौक, सिंहगड रस्त्याचा चौक आणि म्हात्रे पुलावरून परत नळ स्टॉप.

यातला म्हात्रे पूल हा सर्वांत नाजूक सांधा. लकडी पूल बंद म्हटल्यावर सदाशिव पेठ, सिंहगड रस्ता आणि कोथरूड यांच्यातली सगळी ये-जा त्यावर येते. शक्य असेल तर राजाराम पूल धरा. दीड-दोन किलोमीटर जास्त पडतात, पण गाडी चालती राहते.

एखादं उदाहरण द्या. पौड रस्त्यावरून संध्याकाळी 6 ची गाडी पकडायला पुणे स्टेशनला जायचंय.

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर सांगतो. एरवी आपण पौड रस्ता, कर्वे रस्ता, डेक्कन आणि फर्ग्युसन रस्त्याने संचेतीला निघतो आणि पाऊण तासात स्टेशन गाठतो. 6 ची रेल्वे म्हणजे तुम्ही घरून 5 च्या आसपास निघणार, आणि तोवर तिसरा टप्पा सुरू होऊन तासभर झालेला असतो. डेक्कन बंद, फर्ग्युसन रस्त्याचा डेक्कनजवळचा भागही बंद.

गाडीनेच जायचं असेल तर नळ स्टॉपवरून लॉ कॉलेज रस्ता, सेनापती बापट रस्ता, गणेशखिंड रस्ता, संचेती आणि मग स्टेशन. अंतर फार वाढत नाही, पण या मार्गावर त्या वेळी अर्धं शहर असतं. मी अशा वेळी दीड तास धरतो आणि सामान जास्त असेल तर दोन. रिक्षा किंवा कॅब आयत्या वेळी मागवू नका. ती दाराशी येईपर्यंतच अर्धा तास जातो, आणि चालकाला डेक्कन बंद असल्याचं माहीत नसेल तर तो आधी तिकडेच नेतो. बसल्याबसल्या "लॉ कॉलेज रस्त्याने चला दादा" असं सांगा.

पण यापेक्षा चांगला उपाय वनाज ते रामवाडी मेट्रो आहे. ही मार्गिका उन्नत आहे, रस्त्यावर काय चाललंय याचा तिला फरक पडत नाही, आणि पुणे रेल्वे स्टेशन हे तिच्यावरचं एक स्थानकच आहे. वनाज, आनंदनगर किंवा आयडियल कॉलनीला बसा. नळ स्टॉपला किंवा त्यापुढे बसू नका, कारण तोवर डबा भरलेला असतो आणि सामानासह आत शिरता येत नाही. डेक्कन आणि जिल्हा न्यायालय या दोन स्थानकांवर चढण्या-उतरण्याला वेळ लागतो, तेवढा वीस मिनिटांचा वाव ठेवा. मोठ्या बॅगा दोनच्या वर असतील तर एका माणसाला सामानासह दुपारी 2 लाच गाडीने पुढे पाठवा आणि बाकीचे मेट्रोने या. आमच्याकडे असंच करतात.

हडपसरहून वारजे किंवा कोथरूडला यायचं तर?

शहरात शिरूच नका. हडपसरहून मंतरवाडी किंवा उंड्रीच्या बाजूने खडी मशीन चौक, कात्रज, तिथून बाह्यवळण रस्त्याने नवले पूल, वारजे आणि चांदणी चौक. नवले पुलापाशी गर्दी असतेच, आणि त्या उतारावर अवजड वाहनंही असतात, म्हणून रात्री तिथे वेग आवरा. किलोमीटर बरेच वाढतात. पण पेठांच्या कडेने जाणाऱ्या वर्तुळाकार मार्गावर सेव्हन लव्हज ते म्हात्रे पूल हा एकच तुकडा संध्याकाळी तासभर खातो.

पेठांखालची मेट्रो भुयारी आहे, तर मिरवणुकीच्या दिवशी मंडई स्थानक सुरू असतं का?

जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाला आणि त्याने या दिवसाचं गणितच बदललं. कसबा पेठ आणि मंडई ही स्थानकं मिरवणुकीच्या अगदी पोटात आहेत. शिवाजीनगरहून स्वारगेटला जाणारी गाडी मिरवणुकीच्या खालून निघून जाते. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांसाठी याहून सोयीचं काहीच नाही. 2025 मध्ये चतुर्दशीच्या सकाळी 6 पासून दुसऱ्या दिवशी रात्री 11 पर्यंत, म्हणजे सलग 41 तास मेट्रो चालू ठेवली होती.

स्थानक सुरू असतं, पण त्याचे सगळे जिने सतत सुरू असतील असं नाही. फलाटावर माणसं जास्त झाली की आत सोडणं थोडा वेळ थांबवतात. म्हणून मंडईला उतरणं ठीक, परतताना मंडईलाच चढायचा हट्ट नको. लक्ष्मी रस्त्यावर मिरवणूक पाहून झाली की चालत मनपाकडे या आणि तिथून बसा. लहान मूल सोबत असेल तर हे जास्तच पाळा. आत जायच्या रांगेत आम्ही एकदा पुतणीला घेऊन बराच वेळ उभे होतो. ती घाबरून रडायला लागली आणि मागे फिरायलाही जागा नव्हती. तेव्हापासून मी मंडईतून परत चढायचं टाळतो.

पीएमपी आणि एसटीचं काय?

पीएमपीच्या मध्य पुण्यातून जाणाऱ्या गाड्या त्या दिवशी वळवतात किंवा अलीकडेच थांबवतात. स्वारगेट, डेक्कन आणि मनपा या थांब्यांवरून सुटणाऱ्या गाड्या कुठून सुटतील, याची वेगळी यादी निघते. साधा नियम असा, की तुमच्या बाजूच्या "दारा"च्या बाहेर चालत या, बस तिथे मिळते.

स्वारगेटहून एसटीने जायचं असेल तर दुपारी 4 च्या आधी स्थानकात पोचा. त्यानंतर सातारा आणि सोलापूर रस्त्यांचे शेवटचे तुकडे बंद होतात. उशीर झालाच तर मेट्रोने स्वारगेटला उतरून चालत जा.

पेठेत राहणाऱ्यांनी गाडी कुठे ठेवावी?

आदल्या रात्रीच बाहेर काढा. मिरवणुकीच्या रस्त्यांना जोडणाऱ्या उपरस्त्यांवर 100 मीटरपर्यंत गाडी लावायला मनाई असते, आणि पेठांत 100 मीटर म्हणजे अख्खी गल्ली. उचलून नेलेली गाडी त्या गर्दीत सोडवायला जाणं हा वेगळाच त्रास. वाड्याच्या आत लावलेली गाडी राहू शकते, पण ती पुढच्या दीड दिवसात बाहेर निघणार नाही हे धरूनच लावा.

मिरवणूक पाहायला बाहेरून येणाऱ्यांसाठी वाहनतळ जाहीर होतात. फर्ग्युसन कॉलेज, एसपी कॉलेज, निलायम टॉकीजजवळची जागा ही नावं त्यांत सहसा असतात. एसपी कॉलेज टिळक रस्त्यावर आहे आणि तो रस्ता सकाळीच बंद होतो, म्हणजे तिथे गाडी लावायची तर सकाळी लावा आणि दुसऱ्या दिवशीच काढा. नदीपात्रातल्या रस्त्यावर गाडी ठेवायची असेल तर खडकवासल्यातून पाणी सोडण्याच्या बातम्या बघत राहा. विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि सप्टेंबरात धरण बहुधा भरलेलंच असतं.

घरात आजारी माणूस आहे. रुग्णवाहिका येऊ शकते का?

येऊ शकते. रुग्णवाहिका, अग्निशमन दल आणि पोलिसांच्या गाड्या यांना बंदी लागू नसते, हे आदेशातच लिहिलेलं असतं. ढोलाचं पथक वाजवणं थांबवतं, कार्यकर्ते हात धरून साखळी करतात आणि गर्दी दुभंगते. हे मी गॅलरीतून अनेकदा पाहिलंय. पण गाडीला वाट मिळते म्हणजे ती लवकर येते असं नाही. 108 किंवा 112 ला फोन करताना पेठेचं नाव सांगून थांबू नका. मिरवणुकीच्या रस्त्यापासून दूरच्या बाजूचा जवळचा चौक सांगा आणि घरातला एक माणूस त्या चौकात उभा करा. आमच्या गल्लीचं एक तोंड लक्ष्मी रस्त्याकडे आणि दुसरं नदीकडे आहे. फोनवर आम्ही नेहमी नदीकडचंच तोंड सांगतो.

आधीच ठरलेले उपचार असतील तर वेगळा विचार करा. माझ्या वडिलांचं डायलिसिस एका वर्षी नेमकं चतुर्दशीला आलं. सकाळी 6 ला घरून निघालो, पोचायला काहीच त्रास झाला नाही. परतायचं कसं, याचा मात्र मी विचारच केला नव्हता. दुपारी 12 नंतर शास्त्री रस्ता बंद झालेला, आणि डायलिसिस करून थकलेल्या माणसाला सेनादत्त चौकीपासून चालवत आणायची वेळ आली. मध्ये दोनदा दुकानाच्या पायरीवर बसवलं. एका मंडळाच्या पोरांनी खुर्ची आणली आणि त्यात बसवून त्यांना घरापर्यंत पोचवलं. पुढच्या वर्षीपासून आदल्या रात्रीच वडिलांना कर्वेनगरला बहिणीकडे नेलं आणि दोन दिवस तिथेच ठेवलं. बाळंतपणाची तारीख जवळ असेल, ऑक्सिजन लागत असेल, तर तुम्हीही असंच करा. गर्दी भली असते, पण तिच्यावर विसंबून बेत आखू नये.

फोनवरचा नकाशा बंद रस्ते दाखवतो ना?

बऱ्याचदा दाखवतो, पण वेळेवरच दाखवेल याची खात्री नाही. रस्ता नुकताच बंद झाला असेल तर त्यावर गाड्या नसतात, आणि गाड्या नसलेला रस्ता नकाशाला मोकळा वाटू शकतो. दुसरी अडचण म्हणजे मोठा रस्ता बंद दिसला की तो शनिवार-नारायण पेठेतल्या बोळांतून वाट सुचवतो. त्या बोळाच्या दुसऱ्या टोकाला मिरवणूकच असते. मागून आणखी चार गाड्या आलेल्या असतात आणि वळायला जागा नसते. नकाशा वापरा, पण तुमच्या मार्गात "दारां"च्या आतला एकही रस्ता येत नाही ना, हे आधी तपासा. मध्ये एखादा थांबा घालून, उदाहरणार्थ सेनापती बापट रस्ता, नकाशाला बाहेरूनच न्यायला लावता येतं.

दुचाकी तरी आत जाते का?

नाही. बंदी सगळ्या वाहनांना असते. ढकलत नेलेली दुचाकीही गर्दीत अडथळाच होते, आणि तापलेला सायलेन्सर लहान मुलांच्या पायाला लागतो.

आदेश कोण काढतं आणि कुठे मिळतो?

वाहतूक शाखेचे पोलीस उपआयुक्त मोटार वाहन कायदा 1988 मधल्या अधिकारांनुसार तो काढतात. विसर्जनाच्या काही दिवस आधी तो वर्तमानपत्रांत येतो आणि पुणे पोलिसांच्या अधिकृत समाजमाध्यम खात्यांवरही. वाचताना प्रत्येक रस्त्यापुढचे "पासून" आणि "पर्यंत" हे दोन शब्द नीट पाहा. "कर्वे रस्ता बंद" असं ऐकून लोक घाबरतात, पण बंद असतो तो नळ स्टॉपच्या पुढचा तुकडा. कोथरूड ते नळ स्टॉप ये-जा चालूच असते.

गेल्या वर्षीचं छायाचित्र गटागटांतून फिरत राहतं. वर तारीख नसेल तर पुढे पाठवू नका.

सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या गटावर सूचना कशी लिहावी?

आदेशाची सात पानं पाठवली तर कोणी वाचत नाही. तुमच्या लोकांना लागतो तेवढाच तुकडा, त्यांच्या जागेपासून सुरू करून लिहा. शिवाजीनगरच्या एका ऑफिसात काम करणाऱ्या भाचीला मी लिहून दिलेली सूचना अशी होती:

"विसर्जनाच्या दिवशी दुपारी 4 नंतर जंगली महाराज रस्ता झाशीची राणी चौकापासून डेक्कनकडे बंद. कर्वे रस्ता नळ स्टॉपपासून डेक्कनकडे बंद. कोथरूडला जाणाऱ्यांनी संचेती, गणेशखिंड रस्ता, सेनापती बापट रस्ता, लॉ कॉलेज रस्ता या मार्गाने जावे किंवा मेट्रोने जावे. स्वारगेट, धनकवडी, कात्रजला जाणाऱ्यांनी शिवाजीनगरहून स्वारगेटपर्यंत मेट्रोने जावे. गाडी आणली असल्यास 3 च्या आत निघावे. दुसऱ्या दिवशी सकाळीही रस्ते बंद असण्याची शक्यता आहे. निघण्यापूर्वी गटावर विचारावे."

यात कुठला रस्ता, कुठून, कधीपासून आणि त्याऐवजी काय, एवढंच आहे. शेवटची दोन वाक्यं बहुतेक सूचनांमध्ये नसतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येणारे निम्मे फोन त्यामुळेच येतात.

फक्त चतुर्दशीलाच रस्ते बंद असतात का?

नाही. चतुर्थीला मूर्ती न्यायच्या गर्दीमुळे शिवाजी रस्त्यावर बंधनं असतात, आणि उत्सवात संध्याकाळनंतर देखावे पाहायला येणाऱ्यांमुळे मध्य भागातले रस्ते गर्दी बघून बंद-चालू करतात. अवजड वाहनांना या दिवसांत मध्य पुण्यात मनाईच असते. घर बदलायचं किंवा फर्निचर आणायचं असेल तर टेम्पोवाल्याला चतुर्दशीच्या दोन दिवसांनंतरचीच तारीख द्या.